तोंडातली साखर, शिरेतली साखर

एका निरोगी माणसाला सकाळी उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला द्यायचे आणि पुढचे तीन-चार तास ठरावीक अंतराने रक्त घेऊन त्यातली साखर आणि इन्सुलिन मोजत राहायचे. गरोदरपणात जी साखरेची तपासणी करतात, तिचाच हा लांबवलेला प्रकार. दुसऱ्या एखाद्या दिवशी त्याच माणसाला पुन्हा बोलवायचे, पण या वेळी प्यायला काही द्यायचे नाही. ग्लुकोज सलाईनमधून थेट शिरेत सोडायचे. त्याचा वेग दर काही मिनिटांनी असा कमी-जास्त करायचा, की रक्तातली साखर पहिल्या दिवशी जशी चढली आणि उतरली, अगदी तशीच दुसऱ्या दिवशीही चढावी आणि उतरावी. दोन्ही दिवसांचे आलेख एकमेकांवर ठेवले तर रेघ एकच दिसली पाहिजे.

स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींपर्यंत दोन्ही दिवशी सारख्याच साखरेचे रक्त पोहोचले. मग इन्सुलिनही सारखेच स्रवायला हवे. प्रत्यक्षात तसे होत नाही. साखर तोंडावाटे गेली त्या दिवशी इन्सुलिन दुपटी-तिपटीने जास्त निघते. शिवाय तोंडावाटे दिलेल्या ७५ ग्रॅमचा आलेख शिरेतून गाठायला जेमतेम २५ ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज पुरते, कारण त्या दिवशी इन्सुलिन कमी निघालेले असते आणि साखर रक्तातून सावकाश हटते. हा जो फरक पडतो, त्याला इन्क्रेटिन परिणाम म्हणतात. जेवणानंतर निरोगी माणसाच्या स्वादुपिंडातून जेवढे इन्सुलिन बाहेर पडते, त्यातले निम्म्याहून अधिक या परिणामामुळे पडते.

इंग्लंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी १९६४ साली स्वतंत्रपणे हा फरक दाखवला. रक्तातल्या इन्सुलिनचे अचूक मोजमाप करण्याची रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांची पद्धत त्याआधी चारच वर्षे उपलब्ध झाली होती, म्हणून तो दिसू शकला. पण टाइप टू मधुमेहाच्या दृष्टीने खरे महत्त्वाचे निरीक्षण १९८६चे. जर्मनीतल्या मायकेल नाउक आणि सहकाऱ्यांनी वर सांगितलेला दोन दिवसांचा प्रयोग मधुमेही आणि निरोगी अशा दोन्ही गटांवर केला. निरोगी लोकांत अपेक्षेप्रमाणे मोठा फरक दिसला. मधुमेहींत मात्र तोंडातली साखर आणि शिरेतली साखर यांतला फरक खूपच आटलेला होता. साखर तोंडावाटे आली काय किंवा सुईतून आली काय, त्यांच्या स्वादुपिंडाला त्याचे फारसे सोयरसुतक उरले नव्हते.

असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी आधी आतड्यात काय घडते ते पाहू. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात के नावाच्या पेशी विखुरलेल्या असतात आणि आतड्याच्या शेवटच्या भागात तसेच मोठ्या आतड्यात एल नावाच्या. अन्नातले पिष्ट, चरबी, प्रथिने या पेशींना लागली, की के पेशी जीआयपी हे संप्रेरक सोडतात आणि एल पेशी जीएलपी-१. ही दोन्ही इन्क्रेटिन संप्रेरके रक्तात फार काळ टिकत नाहीत. डीपीपी-४ नावाचे विकर त्यांच्या मागेच असते. जीएलपी-१चे तर दोन मिनिटांतच निम्मे होते. आतड्यातून निघालेल्या जीएलपी-१पैकी अगदी थोडेच शाबूत स्वादुपिंडापर्यंत पोहोचते, बाकीचे वाटेतच तुटते. आतड्यापाशीच मज्जातंतूंना चेतवूनही त्याचे काही काम साधत असावे, असे मानले जाते.

बीटा पेशीवर या संप्रेरकांचा परिणाम होतो, तो मोठा नेमका असतो. ग्लुकोज पेशीत शिरते, तिथे त्याचे ज्वलन होऊन एटीपी हा ऊर्जेचा रेणू तयार होतो. एटीपी वाढला, की पेशीच्या भिंतीतले पोटॅशियमचे दरवाजे बंद होतात, त्यामुळे भिंतीवरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियमचे दरवाजे उघडतात आणि आत शिरलेले कॅल्शियम इन्सुलिनने भरलेल्या पुड्या भिंतीला नेऊन फोडते. हा मुख्य मार्ग साखरेचाच. जीएलपी-१ आणि जीआयपी पेशीच्या पृष्ठभागावरच्या आपापल्या ग्राहींना चिकटून आत सायक्लिक एएमपी नावाचा रेणू वाढवतात, आणि त्यामुळे तेवढ्याच कॅल्शियमवर कितीतरी जास्त पुड्या फुटतात. म्हणजे इन्क्रेटिने इन्सुलिन स्रवण्याची सुरुवात करून देत नाहीत, ती चालू असलेले स्रवणे वाढवतात. रक्तातली साखर उतरली, की कॅल्शियमचे दरवाजे मिटतात आणि मग इन्क्रेटिन कितीही असले तरी वाढवायला काही उरत नाही. या एका गोष्टीमुळे इन्क्रेटिनवर आधारलेली औषधे एकटी घेतली तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका फार कमी राहतो. सल्फोनिलयुरिया गटातल्या जुन्या गोळ्या पोटॅशियमचे दरवाजे थेट बंद करतात, साखर किती आहे हे न बघता, आणि म्हणून त्या घेणाऱ्याला जेवण चुकले तर घाम सुटतो.

शरीराला ही आगाऊ सूचना हवी कशाला, याचे उत्तर एका साध्या हिशेबात आहे. आपल्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि उपाशीपोटी दर डेसिलिटरला ९०-१०० मिलिग्रॅम साखर. गुणाकार केला तर सगळ्या रक्तात मिळून पाच ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज भरते, म्हणजे चहाचा एक चमचा. दोन पोळ्या, भाजी आणि वाटीभर वरणभात एवढ्या साध्या जेवणातून त्याच्या पंधरापट ग्लुकोज येऊ शकते. ते रक्तात साचू न देता आत घ्यायचे, तर साखर चढण्याची वाट पाहत बसून चालत नाही. जेवण आतड्यात उतरताच इन्सुलिनची तयारी व्हावी लागते.

आता हे इन्सुलिन ज्यांच्यासाठी निघते, त्या अवयवांकडे जाऊ, कारण मधुमेहाची सुरुवात बहुधा तिथे होते. इन्सुलिनची मुख्य कामे तीन ठिकाणी चालतात. स्नायूंत ते ग्लुट-४ नावाच्या वाहक प्रथिनांना पेशीच्या आतून पृष्ठभागावर आणते, म्हणजे ग्लुकोजला आत यायला वाट मिळते. यकृताला ते नवी साखर बनवणे थांबवायला सांगते. चरबीच्या पेशींना ते साठवलेली चरबी सोडू नका, असे बजावते. यांतले यकृताचे काम लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. रात्री आपण काही खात नाही, तरी मेंदूला साखर लागतेच. ती यकृत पुरवते, सत्तर किलोच्या माणसात तासाला साधारण आठ ग्रॅम. सकाळी उपाशीपोटीची साखर वाढलेली निघाली, तर लोक म्हणतात, रात्री तर फक्त ताक प्यायलो होतो, मग ही साखर आली कुठून? ती रात्रभर यकृताने बनवलेली असते. इन्सुलिनने त्याला आवर घालायचा, तर यकृत त्याला दाद देत नाही.

दाद न देण्याची ही अवस्था म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्स. तिच्या मुळाशी, निदान बहुसंख्य रुग्णांत, चुकीच्या जागी साठलेली चरबी आहे. त्वचेखालची चरबी ही शरीराची धान्याची कोठी आहे. तिथे चरबी निर्धोक राहते. कोठी भरली तरी धान्य येतच राहिले, तर पोती पडवीत, माजघरात, स्वयंपाकघरात रचावी लागतात आणि घरात वावरणे मुश्कील होते. शरीरात ही पडवी आणि हे माजघर म्हणजे पोटाच्या पोकळीतला मेद, यकृत, स्नायू आणि शेवटी स्वादुपिंड. कोठी किती मोठी, हे माणसागणिक वेगळे असते. म्हणून शंभर किलोचा एखादा माणूस ठणठणीत असतो आणि बासष्ट किलोच्या माणसाला मधुमेह निघतो.

आपल्याकडे कोठी लहान असण्याचा प्रश्न मोठा आहे, आणि हे सर्वांत स्पष्टपणे पुण्यातून पुढे आले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय २२.३, तंतोतंत सारखा आणि दोघेही कागदावर सडपातळ. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचा याज्ञिकांच्या गटाने केलेला अभ्यास त्याहून विचारात पाडणारा आहे. ही बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. हातपाय बारीक, पोट लहान, स्नायू कमी, पण चरबी मात्र फारशी कमी नाही. पुण्यात आणि लंडनमध्ये जन्मलेल्या बाळांच्या नाळेतल्या रक्ताची तुलना केली, तेव्हा आपल्या बाळांत इन्सुलिनही चढे दिसले. आमच्या घरात कुणी जाडे नाही, मग शुगर कशी आली, असे विचारणाऱ्यांना माझ्या मते हे सगळे सांगायला हवे. वजनाच्या काट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. कमरेभोवती धरलेली टेप त्याहून खरे बोलते.

चरबी चुकीच्या पेशीत शिरली म्हणून इन्सुलिनचा निरोप का अडावा? इन्सुलिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला चिकटले, की आत प्रथिनांची एक साखळी एकापाठोपाठ एक जागी होते आणि तिच्या शेवटी ग्लुट-४ वर येतो. स्नायूच्या पेशीत मेदाम्ले गरजेपेक्षा जास्त आली, की त्यांपासून डायॲसिलग्लिसरॉल नावाचा अर्धवट घडलेला मेद साचतो. तो प्रोटीन कायनेज सी या गटातली विकरे चेतवतो आणि ती विकरे साखळीच्या पहिल्या कड्यांवरच घाव घालतात. इन्सुलिन दारात उभे असते, ग्राहीही जागेवर असते, पण निरोप आत जात नाही. येल विद्यापीठातल्या जेराल्ड शुलमन यांनी १९९०च्या सुमारास जिवंत माणसाच्या स्नायूत काय घडते ते चुंबकीय तंत्राने पाहिले. मधुमेहींच्या स्नायूंत ग्लुकोजपासून ग्लायकोजन बनण्याचा वेग निरोगी लोकांच्या निम्म्यापेक्षाही कमी होता. पुढे निरोगी लोकांच्या रक्तात काही तास मेदाम्लांची पातळी मुद्दाम वाढवली, तर तीन-चार तासांत त्यांचेही स्नायू ग्लुकोज घेईनासे झाले. याच कारणाने चालण्याचा उपयोग होतो. आकुंचन पावणारा स्नायू ग्लुट-४ला वेगळ्या रस्त्याने, इन्सुलिनच्या निरोपाशिवाय पृष्ठभागावर आणतो, म्हणजे अडलेली साखळी बाजूला ठेवून काम होते.

यकृतातही जवळपास असेच घडते, आणि तिथे आणखी एक चक्र फिरू लागते. चरबीच्या पेशीही इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या, की त्या मेदाम्ले सोडतच राहतात. ती यकृतात जातात. यकृत त्यांतली काही साठवते, काही ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात परत पाठवते आणि शिवाय साखर बनवणेही थांबवत नाही. विचित्र भाग असा, की साखर रोखण्याच्या बाबतीत बहिरे झालेले यकृत इन्सुलिनच्या सांगण्यावरून नवी चरबी घडवण्याचे काम मात्र चालूच ठेवते. स्वादुपिंड जितके जास्त इन्सुलिन सोडेल, तितके यकृत अधिक मेदट होते. सोनोग्राफीच्या रिपोर्टमधला ‘फॅटी लिव्हर’ हा शब्द पुष्कळ जण हसण्यावारी नेतात. तो मधुमेहाच्या वाटेवरचा मैलाचा दगड असू शकतो.

या सगळ्या काळात रक्तातली साखर बहुधा ठीकच दिसते, आणि इथेच फसगत होते. एक कल्पित गृहस्थ घेऊ. आकडे माझे आहेत, पण क्रम नेहमी दिसणारा आहे. पस्तिसाव्या वर्षी त्यांची उपाशीपोटीची साखर ९२ आणि इन्सुलिन ६ एकक. बेचाळिसाव्या वर्षी वजन आठ किलोंनी वाढलेले, साखर ९७, इन्सुलिन १७. रिपोर्टवर साखरेपुढे ‘नॉर्मल’ असे छापून येते आणि ते बरोबरही आहे. पण संशोधक रेझिस्टन्सचा अंदाज घेण्यासाठी या दोन आकड्यांचा गुणाकार करून त्याला ४०५ने भागतात. तसे केले तर पस्तिशीतला आकडा १.४ येतो आणि बेचाळिशीतला ४.१. तीच साखर राखायला स्वादुपिंडाला तिपटीच्या आसपास राबावे लागते आहे. एकोणपन्नासाव्या वर्षी उपाशीपोटी ११२ आणि ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १७०. त्रेपन्नाव्या वर्षी उपाशीपोटी १४८, आणि इन्सुलिन उतरून १३. आता निदान होते, कारण १२६ची सीमा ओलांडली गेली. इन्सुलिनचे मोजमाप प्रत्येक लॅबमध्ये थोडे वेगळे येते, त्यामुळे ही तपासणी सर्रास करून घ्या असे मी म्हणणार नाही. बेचाळिशीत इतर खुणा दिसतच असतात. मानेच्या मागे आणि काखेत घासून न निघणारी मखमली काळसर त्वचा दिसते, ट्रायग्लिसराइड वाढलेले असते, पट्ट्याचे भोक एक-दोन घरे पुढे सरकलेले असते.

पन्नाशीनंतर या गृहस्थांचे इन्सुलिन का उतरले? रेझिस्टन्स असलेल्या सगळ्यांनाच मधुमेह होत नाही. पुष्कळांचे स्वादुपिंड जन्मभर जास्तीचे इन्सुलिन पुरवत राहते. ज्यांच्या बीटा पेशी मुळातच कमी किंवा नाजूक, त्यांच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी मिळून घात करतात. स्वादुपिंडातही चरबी शिरते आणि सतत थोडी चढी असलेली साखर स्वतःच बीटा पेशींना मारक ठरते. ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या मधुमेह-अभ्यासातून असा अंदाज निघाला, की निदानाच्या दिवशीच बीटा पेशींची निम्मी क्षमता गेलेली असते.

आणि इथे सुरुवातीचा प्रयोग पुन्हा उपयोगी पडतो. मधुमेहीत इन्क्रेटिन परिणाम आटतो खरा, पण तो आटल्यामुळे मधुमेह होतो, की मधुमेह झाल्यामुळे तो आटतो? संशोधकांनी याचा छडा फार हुशारीने लावला. स्वादुपिंडाला दीर्घकाळ सूज असलेल्या रुग्णांत काहींना त्यापायी मधुमेह होतो, काहींना होत नाही. पहिल्या गटात इन्क्रेटिन परिणाम आटलेला सापडला, दुसऱ्या गटात शाबूत. या रुग्णांचा मधुमेह आनुवंशिक टाइप टू नव्हता, तरीही परिणाम गेला. त्यानंतर डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दहा निरोगी पुरुषांना बारा दिवस भरपूर कॅलरींचा आहार, स्टिरॉइडच्या गोळ्या आणि बैठे आयुष्य दिले. एवढ्याशा मुदतीत त्यांच्यात इन्सुलिन रेझिस्टन्स आला आणि इन्क्रेटिन परिणामही घटला. या लोकांच्या आतड्यात काही दोष नव्हता. या पुराव्यावरून मला क्रम असा दिसतो: आधी रेझिस्टन्स, मग चढू लागलेली साखर, आणि तिच्यापाठोपाठ बीटा पेशींची आतड्याच्या संदेशाबद्दलची उदासीनता. एकदा ती आली, की जेवणानंतरची साखर अधिकच चढते, म्हणजे परिणाम स्वतःच पुढचे कारण बनतो.

या उदासीनतेतही भेद आहे. मधुमेहींच्या आतड्यातून जीआयपी साधारण नेहमीएवढेच निघते, पण बीटा पेशी त्याला जवळपास दाद देत नाहीत, अगदी भरमसाट दिले तरी. जीएलपी-१चा परिणामही मंदावतो, पण त्याची मात्रा नैसर्गिक पातळीच्या बरीच वर नेली, तर इन्सुलिन स्रवते. नाउक यांच्याच गटाने १९९३ साली दाखवलेल्या या फरकावर आजची औषधे उभी आहेत. सिटाग्लिप्टिनसारख्या गोळ्या डीपीपी-४ विकराला अडवून आपल्याच जीएलपी-१चे आयुष्य थोडे वाढवतात, म्हणून त्यांचा परिणाम बेताचा. सेमाग्लुटाइडसारखी औषधे जीएलपी-१च्या धर्तीवर घडवलेली असतात आणि विकराला दाद न देता आठवडाभर टिकतात, म्हणून परिणाम मोठा. ती जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात, भूक कमी करतात, आणि वजन उतरले की यकृतातली चरबी घटून रेझिस्टन्सही सैल होतो. मळमळ आणि उलट्या हा त्यांचा नेहमीचा त्रास. बीटा पेशी फारच थोड्या उरल्या असतील, तर इन्सुलिन वाढवण्याच्या बाबतीत या औषधांचाही इलाज चालत नाही, कारण वाढवायला मूळ स्रवण लागते.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी नुकताच मधुमेह झालेल्यांना आठ आठवडे दिवसाला सुमारे ६०० कॅलरींचा आहार दिला. सात दिवसांतच यकृतातली चरबी घसरली आणि उपाशीपोटीची साखर सामान्य झाली. स्वादुपिंड सावरायला मात्र पूर्ण आठ आठवडे लागले. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांत हे यश पुढे कमी दिसले. इन्क्रेटिनबाबतही असाच एक छोटा अभ्यास आहे. साखर बेसुमार वाढलेल्या रुग्णांना चार आठवडे इन्सुलिनची इंजेक्शने देऊन साखर जवळपास सामान्य राखली. मग त्यांच्या शिरेत जीएलपी-१ आणि जीआयपी आधीच्याच मात्रेत पुन्हा सोडून पाहिले, तर बीटा पेशींनी आधीपेक्षा स्पष्टपणे जास्त इन्सुलिन दिले. निरोगी माणसाएवढे नाही, पण ज्या जीआयपीला त्या जवळजवळ विसरल्या होत्या, त्यालाही त्यांनी प्रतिसाद दिला. निदान झाल्यावर सुरुवातीच्या महिन्यांत साखर काटेकोर राखण्याचा आग्रह बरेच डॉक्टर धरतात, आणि गरज पडल्यास त्या काळापुरते इन्सुलिनही सुचवतात, त्यामागे हेही एक कारण आहे. इंजेक्शन एकदा लागले म्हणजे जन्माचे लागले, असे समजून ते टाळणाऱ्या रुग्णाला हा अभ्यास कुणीतरी समजावून सांगितला पाहिजे.